शिलाई केंद्रासाठी सोलर किती घ्यायचं? आधी हिशेब, मग कोटेशन



पैठण तालुक्यात शिलाईचं काम बाराही महिने असतं. पैठणीला फॉल-पिको आणि ब्लाऊज, लग्नसराईतली घाई, जूनच्या मध्याला शाळा उघडण्याआधीचे गणवेश. काम अंगावर येतं नेमकं तेव्हाच लाईट जाते, हेही सगळ्यांना माहीत आहे. म्हणून अनेक गटांच्या बैठकीत आता एक विषय येतोय : केंद्रावर सोलर बसवू या का?

बसवायला हरकत नाही. पण दुकानदार विचारतो, "किती किलोवॅट देऊ?" आणि आपण म्हणतो, "सहा मशीन चालल्या पाहिजेत." मग तो अंदाजाने कोटेशन देतो. ते कमी पडलं तर दुपारी तीनला इन्व्हर्टर बोंब मारतो आणि ऑर्डर अडकते. जास्त झालं तर गटाच्या कर्जाचा हप्ता विनाकारण वाढतो. हा हिशेब सातवी शिकलेली बाईसुद्धा वहीत करू शकते. या पाठात तोच करून बघू.

वॅट वेगळा, युनिट वेगळं

एखादी वस्तू एका क्षणाला किती वीज ओढते ते वॅटमध्ये सांगतात. ती दिवसभरात एकूण किती वीज खाते ते युनिटमध्ये मोजतात. हजार वॅटची वस्तू एक तास सलग चालली की एक युनिट. शंभर वॅटची वस्तू दहा तास चालली तरी एकच युनिट.

नळाचं उदाहरण घ्या. नळ किती मोठा सोडलाय तो झाला वॅट आणि दिवसअखेर किती हंडे भरले ते झालं युनिट. सोलरमध्ये हे दोन्ही लागतात. किती युनिट लागतात त्यावरून पॅनल ठरतं. सगळं एकदम चालू असताना किती वॅट लागतात त्यावरून इन्व्हर्टर ठरतो. या दोन्हींची सरमिसळ झाली की हिशेब चुकतो.

मशीन खरंच किती वीज खाते, ते मीटरला विचारा

साध्या मशीनला लावलेल्या छोट्या मोटरवर साधारण 100 वॅट लिहिलेलं असतं. पण आपण सात तास केंद्रावर असलो तरी सुई काही सात तास चालत नाही. कापड लावणं, टाचणं, उलटवणं, दोरा ओवणं, बॉबिन भरणं यात निम्म्याहून जास्त वेळ जातो. म्हणून पाटीवरचा आकडा गुणिले सात तास असा हिशेब केला तर तो दुपटीने फुगतो.

खरा आकडा काढायची सोपी युक्ती आहे. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ 3200 imp/kWh असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. काही मीटरवर हा आकडा वेगळा असतो, तो आपल्या मीटरवर बघून घ्या.

आता बाकी सगळं बंद करा आणि एकच मशीन चालू ठेवा. एकीने नेहमीसारखं शिवायचं, मुद्दाम भरभर नाही. दुसरीने दहा मिनिटं दिव्याचे ठोके मोजायचे. समजा 23 ठोके झाले. तासाला होतील 23 गुणिले 6, म्हणजे 138. त्याला 3200 ने भागलं की तासाला 0.043 युनिट. सात तासांचे 0.3 युनिट. चार मशीनचे 1.2 युनिट. झालं, दुकानदाराला विचारायची गरजच पडली नाही.

एक केंद्र धरून हिशेब करू

समजा, आपलं केंद्र पत्र्याच्या दोन खोल्यांत आहे. सकाळी 10 ते संध्याकाळी 5 काम चालतं. मोटर लावलेल्या साध्या मशीन चार आहेत. एक पॉवर मशीन सर्वो मोटरची आहे. एक ओव्हरलॉक आहे, तिला जुनी क्लच मोटर आहे. चार एलईडी ट्यूब, तीन जुने छतपंखे आणि एक इस्त्री.

| वस्तू | वॅट | दिवसभरात चालते | रोजचं युनिट |
|---|---|---|---|
| साध्या मशीन, 4 | 100 प्रत्येकी | सुई सुमारे 3 तास | 1.20 |
| सर्वो पॉवर मशीन, 1 | शिवताना सुमारे 200 | 3 तास | 0.60 |
| ओव्हरलॉक, क्लच मोटर | 250 | बटण चालू 4 तास | 1.00 |
| एलईडी ट्यूब, 4 | 20 प्रत्येकी | 7 तास | 0.56 |
| जुने छतपंखे, 3 | 75 प्रत्येकी | 7 तास | 1.58 |
| इस्त्री | 1000 | 2 तास, त्यात निम्मा वेळ तापते | 1.00 |
| एकूण | | | 5.94 |

हा तक्ता जरा निरखून बघा. ज्या चार मशीनसाठी आपण सोलर घ्यायला निघालो, त्या सगळ्या मिळून 1.2 युनिट खातात. तीन पंखे त्यापेक्षा जास्त खातात! एकटी इस्त्री जवळजवळ चार मशीनइतकं खाते. म्हणून पॅनल मोजण्याआधी भार कमी करायचा. हे काम सगळ्यात स्वस्तात होतं.

आधी भार उतरवा

पहिले पंखे. जुना छतपंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी पंखा साधारण 30 वॅट घेतो आणि वारा तेवढाच देतो. तीन पंखे बदलले की 1.58 ऐवजी 0.63 युनिट लागतात. रोजचं जवळजवळ एक युनिट वाचलं.

दुसरी इस्त्री. तिचा सॉकेट सोलरच्या वायरीवर ठेवूच नका. महावितरणच्या लाईनवर तिला वेगळा बोर्ड द्या आणि लाईट असेल त्या वेळात गठ्ठ्याने इस्त्री करा. लाईट नसेल त्या दिवसासाठी कोळशाची इस्त्री असू द्या. एका इस्त्रीचे 1000 वॅट म्हणजे दहा साध्या मोटरी एकदम चालवण्यासारखं आहे, हे लक्षात ठेवा.

तिसरी क्लच मोटर. बटण दाबलं की ही मोटर गुरगुरत फिरतच राहते, तुम्ही शिवत असा की नसा. सर्वो मोटर मात्र पायडल दाबलं तरच फिरते. त्यामुळे नवी पॉवर मशीन घेताना सर्वोचीच घ्या. जुनी क्लच मोटर लगेच बदलणं जमत नसेल तर काम संपलं की बटण बंद करायची सवय लावा. आपल्या उदाहरणात ती जुनीच ठेवली आहे.

आता पंखे बदलले आणि इस्त्री काढली, की 5.94 वरून रोजची गरज आली 4 युनिटवर.

पॅनल किती?

आपल्या भागात एक किलोवॅटचं पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण 4 युनिट देतं. पण सरासरी धरून केंद्र चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं असतं. तेव्हा 3 युनिट धरणं शहाणपणाचं. गणवेशाची घाई नेमकी पावसाच्या तोंडावर असते, त्यामुळे हिशेब पावसाळ्याचाच करायचा.

4 भागिले 3 म्हणजे 1.33 किलोवॅट. बाजारात आज 540 वॅटच्या आसपासची पॅनल सर्रास मिळतात. अशी दोन घेतली तर 1080 वॅट होतात, ते कमी पडतं. तीन घेतली तर 1620 वॅट. पावसाळ्यातल्या साधारण दिवशी त्यातून 4.86 युनिट मिळतील, म्हणजे थोडं शिल्लकही राहील. इतर महिन्यांत साडेसहाच्या आसपास.

आधीचीच यादी, म्हणजे जुने पंखे आणि इस्त्रीसकट 5.94 युनिट धरली असती तर चार पॅनल लागली असती. भार उतरवल्यामुळे एक पॅनल वाचलं. इन्व्हर्टरमध्ये काय वाचतं ते पुढे बघू.

सलग तीन-चार दिवस सूर्य दिसलाच नाही तर 3 युनिटही मिळणार नाहीत. त्या दिवसांसाठी दुप्पट पॅनल घेऊन ठेवणं परवडत नाही. तेव्हा महावितरणची लाईन आधाराला असू द्या. साध्या मशीनचं पायडल आणि पट्टा काढून टाकू नका. लाईट नाही, ऊन नाही, तरी पाय आहेतच.

आणखी एक. उन्हाळ्यात ऊन कडक म्हणजे वीज जास्त, असं नसतं. पॅनल तापलं की त्याची ताकद घटते. मे महिन्याच्या दुपारी ते दहा-पंधरा टक्के कमी देतं. पॅनल पत्र्याला चिकटवून बसवलं तर आणखी तापतं. पत्रा आणि पॅनल यांच्यात वारा खेळेल एवढी जागा सोडायला सांगा.

इन्व्हर्टर केवढा?

इथे युनिट विसरा. सगळं एकदम चालू आहे असं धरून फक्त वॅट मोजा. चार मशीनचे 400, सर्वो मशीनचे पाटीवर लिहिलेले 550, ओव्हरलॉकचे 250, ट्यूबचे 80, नव्या पंख्यांचे 90. बेरीज 1370 वॅट.

इन्व्हर्टर मात्र केव्हीएमध्ये विकतात. 2 केव्हीएचा इन्व्हर्टर प्रत्यक्षात साधारण 1600 वॅट पेलतो. आपले 1370 त्यात बसतात. इस्त्री आणि जुने पंखे ठेवले असते तर बेरीज 2500 वॅटवर गेली असती आणि साडेतीन केव्हीएचा इन्व्हर्टर घ्यावा लागला असता.

क्लच मोटर सुरू होताना क्षणभर चार-पाच पट वीज ओढते. ओव्हरलॉक चालू करताना ट्यूब मिणमिणते, ती यामुळेच. चांगला इन्व्हर्टर काही सेकंद दुप्पट भार सोसतो. तो किती वॅट आणि किती सेकंद सोसतो, हे कोटेशनवर लिहून घ्या. केंद्रावरही एक नियम ठेवा : सकाळी सगळ्यात आधी ओव्हरलॉक चालू करायची, मग बाकीच्या मशीन.

इन्व्हर्टर 'प्युअर साइन वेव्ह' हवा. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर क्लच मोटर घुंऽऽ आवाज करत तापते आणि सर्वो मशीनचा कंट्रोल बॉक्स बिघडू शकतो. दुसरं, त्यातला चार्जर एमपीपीटी आहे ना ते विचारा. मोठ्या 540 वॅटच्या पॅनलचा व्होल्टेज 24 व्होल्टच्या बॅटरीपेक्षा बराच जास्त असतो. स्वस्तातला पीडब्ल्यूएम चार्जर तो जादा व्होल्टेज वापरूच शकत नाही, त्यामुळे पॅनलची साधारण एक तृतीयांश ताकद वाया जाते. म्हणजे तीन पॅनलचे पैसे देऊन दोनच पॅनल मिळाल्यासारखं.

बॅटरी : रात्रीसाठी नाही, ढगासाठी

आपलं काम दिवसाचं आहे. पॅनल वीज देतं तेव्हाच मशीन ती वापरतात. मग बॅटरी कशाला? ढग आला की पॅनलची वीज एका मिनिटात निम्म्यावर येते आणि मशीन मध्येच थांबते. तेवढा तोल बॅटरी सांभाळते. ढगाळ सकाळीही तिचा आधार होतो. म्हणून बॅटरी लागते, पण छोटी.

सात तासांत 4 युनिट, म्हणजे सरासरी 570 वॅट. दीडशे अ‍ॅम्पिअर-अवरच्या, 12 व्होल्टच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या घेतल्या तर त्यात 3.6 युनिट मावतात. या पाण्याच्या बॅटऱ्या निम्म्याहून जास्त रिकाम्या केल्या की लवकर मरतात, म्हणून वापरायचे 1.8 युनिट. इन्व्हर्टरमधली तूट वजा जाता ऊन नसतानाही केंद्र अडीच ते पावणेतीन तास चालेल. दिवसाच्या कामाला एवढं पुष्कळ.

"ताई, चार बॅटऱ्या घ्या, बॅकअप वाढेल," असं कुणी म्हटलं तर विचार करा. वीज पॅनल तयार करतं, बॅटरी नाही. पॅनल तेवढंच ठेवून बॅटऱ्या वाढवल्या तर पावसाळ्यात त्या कधी पूर्ण भरतच नाहीत. अर्धवट भरलेल्या बॅटरीत आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर बसतो आणि दोन वर्षांत ती कामातून जाते. धान्य तेवढंच असताना कणगी मोठी केली म्हणून घर भरत नाही.

शिलाई केंद्रासाठी एक खास काळजी घ्यायची. चार्ज होताना पाण्याच्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. बॅटऱ्या चिंध्यांच्या ढिगाजवळ किंवा इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवू नका, खिडकीजवळ हवेशीर ठेवा. कापडाची रुई आणि धाग्यांचा भुगा इन्व्हर्टरच्या जाळीत अडकतो, मग तो तापून आपोआप बंद पडतो. दर आठवड्याला, सगळं बंद करून, जाळी कोरड्या ब्रशने झाडायची.

ग्रिडवालं सोलर की बॅटरीवालं?

ग्रिडला जोडलेल्या सोलरमध्ये बॅटरी नसते. जादा वीज महावितरणच्या लाईनमध्ये जाते आणि नेट मीटरमुळे ती बिलातून वजा होते. सुट्टीच्या दिवशीचं ऊनही वाया जात नाही. पण लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं, भर उन्हात! हा बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा शॉक लागू नये म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं.

म्हणून आधी एक महिना वहीत लिहा : कामाच्या वेळेत लाईट किती वेळा आणि किती वेळ गेली. क्वचित जात असेल आणि बिल कमी करणं हाच हेतू असेल, तर ग्रिडवालं स्वस्त पडतं. रोज तासाच्या वर जात असेल, तर वर हिशेब केलेलं बॅटरीवालं घ्या.

अनुदानाचंही नीट समजून घ्या. 2024 साली सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना घरगुती वीजजोडणीसाठी आहे आणि ग्रिडला जोडलेल्या सोलरसाठी आहे. तिच्यात एक किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये मिळतात. केंद्राची जोडणी व्यापारी असेल तर हे अनुदान मिळत नाही. आपल्या बिलावर कोणता वर्ग लिहिला आहे ते आधी बघा आणि महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. "अनुदान मी करून देतो," या तोंडी शब्दावर आगाऊ रक्कम देऊ नका.

पैशाचा ताळा

रोज 4 युनिट, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 100 युनिट वाचतील. आपल्या बिलावरचा एका युनिटचा खरा दर त्याला गुणा. समजा 10 रुपये पडतो, तर महिन्याला हजार रुपये. लाईट नसताना जे तास रिकामे जातात, त्यातली मजुरी यात धरा. वजा काय करायचं? बॅटरी. ती साधारण चार-पाच वर्षांनी बदलावीच लागते. समजा दोन बॅटऱ्यांना 30 हजार लागले, तर पाच वर्षांसाठी महिन्याला 500 रुपये पहिल्या दिवसापासून वेगळे काढा. हे बाजूला काढलं नाही तर पाचव्या वर्षी पॅनल धडधाकट आणि केंद्र बंद, अशी गत होते.

ताब्यात घेताना काय तपासायचं

पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण 20 अंश असावा. सकाळी 9, दुपारी 12 आणि 4 वाजता छतावर सावली बघा. लिंबाची एक फांदी किंवा पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटते.

मग स्वच्छ उन्हाच्या दिवशी 12 वाजता सगळ्या मशीन चालू करा आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावर सोलरचे वॅट वाचा. बॅटरी पूर्ण भरलेली नसेल, तर 1620 वॅटच्या पॅनलवर 1100 ते 1250 वॅट दिसायला हवेत. 700-800 च दिसले तर सावली, सैल जोडणी किंवा चार्जर यांपैकी काहीतरी चुकतंय. बॅटरी भरलेली असेल आणि मशीन कमी चालू असतील तर मात्र आकडा कमी दिसणारच, कारण वीज जायला जागाच नसते. तेव्हा घाबरू नका.

पुढे रोज काम संपल्यावर सगळं बंद करून अर्ध्या तासाने बॅटरीचा व्होल्टेज वहीत लिहा. 25.4 म्हणजे भरलेली, 24.4 म्हणजे निम्मी. आठवडाभर 24.4 च्या खालीच राहिली तर समजा की पॅनल कमी पडतंय, भार वाढलाय किंवा काचेवर धूळ बसलीय. आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धूळ भरपूर. दर पंधरा दिवसांनी सकाळी, काच थंड असताना, पाण्याने पुसा. बोअरचं पाणी वापरलं तर लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग राहतात.

पुढच्या बैठकीआधी करायचं काम

1. मीटरचा दिवा मोजून प्रत्येक वस्तूचं रोजचं युनिट काढा आणि वरच्यासारखा तक्ता वहीत करा.
2. महिनाभर लाईट जाण्याच्या वेळा लिहा.
3. तीन ठिकाणांहून कोटेशन मागवा. प्रत्येकात पॅनलचे वॅट, इन्व्हर्टरचा प्रकार आणि तो सोसेल तो क्षणिक भार, चार्जरचा प्रकार, बॅटरीची क्षमता आणि प्रत्येक वस्तूची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या.
4. ठराव करण्याआधी कोटेशनमधल्या पॅनलचे किलोवॅट गुणिले 3 करा. उत्तर आपल्या तक्त्यातल्या युनिटपेक्षा कमी आलं, तर ते कोटेशन पावसाळ्यात पुरणार नाही. मग किंमत कितीही कमी असो.